ब्रँड कधीचा आणि कंपनी कधीची? रॉयल एनफील्डच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रँडचे आरंभवर्ष आणि तो ब्रँड आज ज्या कंपनीच्या मालकीचा आहे तिचे स्थापनावर्ष यांत वाचकांची वारंवार गल्लत होते, आणि त्याविषयी आलेल्या पत्रांत सर्वाधिक उल्लेख रॉयल एनफील्डचा असतो. म्हणून पुढील बहुतेक उत्तरे याच एका उदाहरणाच्या आधारे दिली आहेत. जेथे ते पुरत नाही, तेथे बजाज, जावा आणि ट्रायम्फ यांचा आधार घेतला आहे.

१. रॉयल एनफील्डची स्थापना नेमकी कधी झाली? कोणी १९०१ सांगते, कोणी १९५५, तर कोणी १९९४.

तिन्ही वर्षे खरी आहेत, परंतु ती तीन वेगवेगळ्या घटनांची आहेत. १९०१ मध्ये इंग्लंडमधील रेडिच येथे या नावाची पहिली मोटारसायकल तयार झाली. १९५५ मध्ये रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एनफील्ड इंडिया ही भारतीय कंपनी उभी केली. १९९४ मध्ये आयशर समूहाने एनफील्ड इंडिया ताब्यात घेतली आणि तिचे नाव रॉयल एनफील्ड मोटर्स असे झाले. आज रॉयल एनफील्ड हा आयशर मोटर्स लिमिटेड या कंपनीचा विभाग आहे आणि त्या कंपनीची नोंदणी १९८२ ची आहे. म्हणजे या यादीत चौथेही वर्ष येते. ‘स्थापना’ हा एकच शब्द चारही घटनांना लावला की गोंधळ अटळ होतो. त्यामुळे कोणतेही वर्ष लिहिताना त्या वर्षी काय सुरू झाले, हे त्याच वाक्यात सांगावे.

२. १९०१ च्या आधीही हे नाव होते असे वाचले. मग ब्रँड १९०१ चा कसा?

हा आक्षेप रास्त आहे. रेडिचजवळच्या हंट एंड येथे जॉर्ज टाउनसेंड यांचा सुया बनवण्याचा व्यवसाय होता आणि तेथेच पुढे सायकली व सायकलींचे भाग तयार होऊ लागले. तो व्यवसाय अडचणीत आल्यावर १८९१ मध्ये अल्बर्ट एडी आणि रॉबर्ट वॉकर स्मिथ यांनी त्याचा ताबा घेतला. त्यांना मिडलसेक्समधील एनफील्ड येथील सरकारी शस्त्रकारखान्याला बंदुकीचे सुटे भाग पुरवण्याचे कंत्राट मिळाले, आणि त्याच्या आनंदात नव्या सायकलीला ‘एनफील्ड’ हे नाव देण्यात आले. १८९३ च्या सुमारास त्याला ‘रॉयल’ हे विशेषण जोडले गेले. तोफेचे चित्र आणि ‘बंदुकीसारखी घडवलेली’ या अर्थाचे घोषवाक्य, ही दोन्ही याच संबंधाची देणगी आहे.

याचा अर्थ असा की ‘रॉयल एनफील्ड’ हे नाव व्यापारात १८९० च्या दशकापासून आहे, परंतु ते सायकलींवर होते. मोटारसायकलीवर ते १९०१ पासून आले. रॉबर्ट स्मिथ आणि ज्यूल्स गोबिए यांनी आखलेल्या त्या पहिल्या गाडीचे दीड अश्वशक्तीचे इंजिन हँडलच्या पुढे, पुढच्या चाकाच्या वर बसवलेले होते आणि तेथून लांब चामडी पट्ट्याने मागचे चाक फिरत असे. आजच्या गाड्यांशी त्या यंत्राचे साम्य जवळजवळ काहीच नाही, पण ब्रँडचे वय मोजताना साम्य लागत नाही.

म्हणून अचूक लेखन असे होईल: नावाचा उगम १८९० च्या दशकात, मोटारसायकलींचा आरंभ १९०१ मध्ये. कंपनी स्वतः १९०१ सांगते, ते मोटारसायकलींपुरते योग्य आहे. टाउनसेंड यांच्या सुयांपर्यंत मागे जाऊन ब्रँडचे वय वाढवणे मात्र मला पटत नाही, कारण त्या सुयांवर हे नाव कधीच नव्हते. तो कारखान्याचा पूर्वेतिहास आहे, ब्रँडचा नव्हे.

३. मग ब्रँडचा आरंभ मोजायचा कोणत्या घटनेपासून?

ते नाव, आज ज्या प्रकारच्या वस्तूंसाठी ओळखले जाते त्या वस्तूंवर, प्रथम ग्राहकांसमोर आले त्या घटनेपासून. या व्याख्येत तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही पाहाव्या लागतात: नाव तेच हवे, वस्तूचा प्रकार तोच हवा आणि ती वस्तू बाजारात किंवा निदान प्रदर्शनात मांडली गेलेली हवी. संस्थापकाचा जन्म, पहिले दुकान, जमिनीची खरेदी किंवा कंपनीची नोंदणी या घटनांनी ब्रँड सुरू होत नाही. वस्तूचा प्रकार बदललेला असेल तर प्रश्न २ मधल्याप्रमाणे दोन वर्षे द्यावीत. एकाच वर्षाचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

ट्रायम्फचे उदाहरण याच साच्यातले आहे. तिचे संस्थापक सीगफ्रीड बेटमान यांचा व्यवसाय १८८० च्या दशकातला आणि सायकलींचा. ट्रायम्फची पहिली मोटारसायकल मात्र १९०२ ची.

४. सध्याच्या कंपनीचे स्थापनावर्ष खात्रीने कोठे मिळते?

भारतीय कंपनी असेल तर सर्वांत सोपी जागा म्हणजे तिचा कॉर्पोरेट ओळख क्रमांक, ज्याला व्यवहारात ‘सीआयएन’ म्हणतात. तो कंपनीच्या पत्रशीर्षावर, वार्षिक अहवालात आणि संकेतस्थळावर छापलेला असतो. त्यात २१ अक्षरे व अंक असतात. आयशर मोटर्सचा क्रमांक पाहा:

```
L34102DL1982PLC129877
```

पहिले `L` म्हणजे कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध आहे. तशी नसेल तर तेथे `U` असते. पुढचे पाच अंक व्यवसायाचा प्रकार दाखवतात आणि `DL` हे नोंदणीकृत कार्यालयाचे राज्य, येथे दिल्ली. त्यानंतरचे चार अंक, म्हणजे `1982`, हे कंपनीच्या नोंदणीचे वर्ष. `PLC` म्हणजे पब्लिक लिमिटेड, खासगी कंपनीसाठी `PTC`, आणि शेवटचे सहा अंक निबंधकाकडील क्रमांक. नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात गेले तर राज्याची अक्षरे आणि शेवटचा क्रमांक बदलतो, पण वर्ष बदलत नाही. आपल्या कामासाठी म्हणूनच ते चार अंक सर्वांत भरवशाचे आहेत.

मात्र ते कशासाठी भरवशाचे, हे ध्यानात असू द्यावे. ते कंपनी या कायदेशीर व्यक्तीच्या जन्माचे वर्ष आहे, तिच्या ब्रँडचे नाही आणि तिच्या व्यवसायाचेही नाही. आयशर मोटर्स १९८२ ची आहे म्हणून रॉयल एनफील्ड १९८२ ची होत नाही. तसेच रॉयल एनफील्ड १९०१ ची म्हणून आयशर मोटर्स सव्वाशे वर्षांची होत नाही. हा क्रमांक अगदी चकवतो असा एक नमुना प्रश्न ८ मध्ये आहे.

५. इंग्लंडमधला कारखाना बंद पडला आणि नाव भारतात आले. मग ‘१९०१ पासून’ हा दावा खोटा नाही का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा आणि सर्वाधिक त्वेषाने विचारला जातो, म्हणून घटनाक्रम नीट मांडतो.

१९४९ पासून मद्रास मोटर्समार्फत बुलेट भारतात विकली जाऊ लागली. भारतीय लष्कराने या गाड्यांची मागणी नोंदवली आणि १९५३ च्या आरंभी रेडिचहून गाड्या आल्या. सीमेवरच्या कामाला त्या उतरल्या आणि मागणी टिकून राहणार असे दिसल्यावर १९५५ मध्ये एनफील्ड इंडिया स्थापन झाली. १९५६ मध्ये मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथील कारखाना सुरू होऊन परवान्याखाली बुलेट तयार होऊ लागली. सुरुवातीस इंग्लंडहून आलेले भाग येथे जोडले जात; १९६० च्या दशकाच्या आरंभी सर्व भाग येथेच बनू लागले. इकडे हे चालू असताना रेडिचमध्येही उत्पादन सुरूच होते. तेथील कारखाना १९६७ मध्ये बंद झाला आणि ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनजवळ भुयारी जागेत उरलेले इंटरसेप्टर या मॉडेलचे उत्पादन १९७० मध्ये थांबले.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की इंग्लंड थांबले आणि मग भारत सुरू झाला, असे घडलेले नाही. १९५६ ते १९७० अशी जवळजवळ चौदा वर्षे दोन्हीकडे गाड्या बनत होत्या, आणि मद्रासची कंपनी मूळ कंपनीच्या भागीदारीतून व परवान्यातून जन्मलेली होती. त्यामुळे मूळ कंपनी संपली तरी गाड्यांची परंपरा तुटली नाही. ब्रँडच्या सातत्याचा दावा या दुव्यावर उभा आहे आणि माझ्या मते तो टिकतो.

काय टिकत नाही, तेही सांगतो. ‘१९०१ मध्ये स्थापन झालेली भारतीय कंपनी’ हे विधान चूक आहे. ‘एकाच कंपनीने १९०१ पासून आजवर बनवलेल्या गाड्या’ हेही चूक आहे. शिवाय पहिल्या दशकात मूळ कंपनीचे लक्ष काही काळ मोटारींकडे वळले होते आणि १९०९ च्या सुमारास ती पुन्हा जोमाने मोटारसायकलींकडे आली. त्यामुळे ‘एकही वर्ष खंड नाही’ असे लिहिण्यापूर्वी त्या वर्षांचे पुरावे हाती असावेत. ‘सातत्य’ हा शब्द ब्रँडसाठी वापरावा, कंपनीसाठी नव्हे.

६. ‘बुलेट’ १९३२ ची असे म्हणतात. हे वर्ष कोठे बसवायचे?

ते उत्पादनाच्या नावाचे वर्ष आहे. १९३२ च्या अखेरीस लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात ‘बुलेट’ हे नाव प्रथम दिसले. पण आपल्याकडे ज्या आराखड्याला बुलेट म्हणून ओळखतात, तो महायुद्धानंतरचा, १९४८-४९ चा, मागच्या चाकाला झुलत्या दुहेरी भुजेचा आधार असलेला आराखडा आहे. म्हणून नावाचे वर्ष १९३२, सध्याच्या घराण्याच्या आराखड्याचे १९४८-४९ आणि भारतीय उत्पादनाचे १९५६. ब्रँड किंवा कंपनीच्या नोंदीत १९३२ लिहू नये. ते फक्त या मॉडेलच्या नोंदीत शोभते.

७. कंपनीने नाव बदलले तर तिचे स्थापनावर्ष बदलते का?

नाही. नाव बदलले तरी कायदेशीर व्यक्ती तीच राहते; म्हणून एनफील्ड इंडियाचे नाव बदलल्याने १९९४ मध्ये नवी कंपनी जन्मली असे म्हणता येत नाही. त्या वर्षी मालकी बदलली आणि नाव बदलले, एवढेच. ‘१९९४ मध्ये आयशरने रॉयल एनफील्डची स्थापना केली’ हे वाक्य त्यामुळे ब्रँड आणि कंपनी या दोन्ही अंगांनी चुकते.

विलीनीकरण मात्र वेगळे. एक कंपनी दुसरीत विलीन झाली की पहिलीचे कायदेशीर अस्तित्व संपते आणि तिचे ब्रँड दुसरीकडे जातात. तेव्हा सध्याच्या मालकाचे स्थापनावर्ष म्हणजे दुसरीचे वर्ष. भागीदारी पेढीची पुढे कंपनी झाली असेल तेव्हाही असेच होते: पेढी आजोबांच्या काळातली असली तरी ओळख क्रमांकात कंपनी म्हणून झालेल्या नोंदणीचेच वर्ष येते. महाराष्ट्रातील मसाले, लोणची, मिठाई आणि आयुर्वेदिक औषधांच्या अनेक घराण्यांना हे लागू आहे, आणि त्यांच्या वेष्टनावरचे वर्ष व क्रमांकातले वर्ष जुळत नाही म्हणून लगेच लबाडीचा संशय घेणे बरोबर नाही.

८. बजाज ऑटोच्या क्रमांकात २००७ दिसते. आमच्या घरी तर त्याआधी कितीतरी वर्षे बजाजची स्कूटर होती. क्रमांक चुकीचा आहे का?

क्रमांक बरोबर आहे आणि स्कूटरही बरोबर आहे. हा या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा अपवाद आहे, म्हणून दोन क्रमांक शेजारी ठेवून पाहू:

```
L65993PN2007PLC130076   बजाज ऑटो
L65100PN1945PLC004656   बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट
```

१९४५ मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने एक कंपनी नोंदली गेली. ती आधी दुचाकी आणि तीनचाकी वाहने आयात करून विकत असे. १९५९ मध्ये तिला देशात उत्पादन करण्याचा सरकारी परवाना मिळाला आणि पुढे ती बजाज ऑटो या नावाने प्रसिद्ध झाली. आकुर्डीचा कारखाना, १९७२ ची चेतक, नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहणारी कुटुंबे, हा सारा इतिहास त्या कंपनीचा आहे.

२००७-०८ मध्ये तिचे विभाजन झाले. वाहनांचा व्यवसाय एका नव्या कंपनीकडे आणि वित्तसेवा दुसऱ्या नव्या कंपनीकडे सोपवण्यात आल्या. त्यानंतर जुन्या, १९४५ च्या कंपनीने बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट हे नाव घेतले, आणि वाहने मिळालेल्या नव्या कंपनीने बजाज ऑटो हे नाव घेतले. म्हणजे जुने नाव नव्या देहाला मिळाले आणि जुना देह नव्या नावाने उरला. दुसरी नवी कंपनी म्हणजे बजाज फिनसर्व्ह. तिचा निबंधकाकडील क्रमांक `130075` आहे, बजाज ऑटोच्या लगेच आधीचा. एकाच योजनेची ही खूण कागदावर स्पष्ट दिसते.

येथे केवळ क्रमांक पाहणारा लेखक ‘बजाज ऑटोची स्थापना २००७’ असे लिहील आणि केवळ आठवणीवर विसंबणारा ‘१९४५’ लिहील. दोघांचेही अर्धेच बरोबर आहे. नोंद अशी असावी: व्यवसायाचे मूळ १९४५ च्या कंपनीत, देशातील उत्पादनाचा परवाना १९५९ मध्ये, सध्याच्या कंपनीची नोंदणी २००७ मध्ये. कंपनीचे नाव आणि तिच्या क्रमांकातले वर्ष यांचा मेळ बसेनासा झाला की पहिली शंका विभाजनाची घ्यावी आणि त्या वर्षाच्या अहवालात विभाजनाची मंजूर झालेली योजना शोधावी.

९. मधली अनेक वर्षे ब्रँड बंदच असेल तर वय कसे मोजायचे?

आरंभवर्ष तेच राहते, पण खंड लपवता येत नाही. जावा हे नाव १९२९ चे, चेकोस्लोव्हाकियातील फ्रँटिशेक यानेचेक यांचे. म्हैसूरच्या आयडियल जावाचे उत्पादन १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले, १९७३ पासून तिच्या गाड्या येझ्दी नावाने निघू लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. सध्या भारतात जावा विकणारी क्लासिक लेजंड्स ही कंपनी २०१५ ची असून तिची पहिली गाडी २०१८ मध्ये आली. रॉयल एनफील्डच्या बाबतीत जुन्या आणि नव्या उत्पादनाची वर्षे एकमेकांवर चढलेली आहेत. भारतातील जावाच्या बाबतीत त्यांच्यामध्ये वीस-बावीस वर्षांची पोकळी आहे. म्हणून तेथे ‘१९२९ पासून’ असे न लिहिता ‘१९२९ चे नाव, भारतात २०१८ मध्ये पुनरागमन’ असे लिहावे.

कधी खंड दिसतो त्यापेक्षा लहान निघतो. ट्रायम्फचा मेरिडेन येथील कारखाना १९८३ मध्ये बंद झाला आणि हिंक्ली येथील नव्या कारखान्याच्या गाड्या १९९० च्या सुमारास आल्या, त्यामुळे सात वर्षांचा खंड धरला जातो. परंतु नाव विकत घेणाऱ्या जॉन ब्लूर यांनी १९८५ ते १९८८ या काळात लेस हॅरिस यांना ट्रायम्फचे बॉनव्हिल हे मॉडेल बनवण्याचा परवाना दिला होता. खंड जाहीर करण्यापूर्वी असे परवानाधारक शोधणे आवश्यक आहे.

१०. व्यापारचिन्हाच्या नोंदणीची तारीख हाच ब्रँडचा जन्मदाखला मानता येईल का?

येणार नाही. भारतात चिन्हाची नोंदणी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते आणि अर्ज चिन्ह वापरात येऊन कितीतरी वर्षे झाल्यावरही करता येतो. अर्जात ‘अमुक तारखेपासून वापरात’ असा रकाना असतो आणि तो अधिक उपयोगी आहे; पण ते अर्जदाराचे प्रतिपादन असते, निबंधकांनी शोधून काढलेले सत्य नव्हे. त्याला जुनी जाहिरात, दरपत्रक किंवा बिल यांची जोड मिळाली तरच ते वर्ष स्वीकारावे. १९९९ चा व्यापारचिन्ह कायदाही आधीपासून वापर करणाऱ्याला नंतर नोंदणी करणाऱ्यापासून संरक्षण देतो. अर्थात वापर आणि नोंदणी या दोन वेगळ्या घटना आहेत हे कायद्यालाही मान्य आहे.

११. नोंदीत एकाच वाक्याची जागा आहे. रॉयल एनफील्डविषयी काय लिहू?

असे लिहावे: “रॉयल एनफील्ड हा रेडिच येथे १९०१ मध्ये मोटारसायकलींसाठी सुरू झालेला आणि १९५६ पासून भारतात उत्पादन होत असलेला ब्रँड असून तो सध्या आयशर मोटर्स लिमिटेड (नोंदणी १९८२) या कंपनीकडे आहे.” ‘स्थापना’ असा एकच रकाना भरणे भाग असेल, तर आधी ती नोंद ब्रँडची आहे की कंपनीची ते ठरवावे. ब्रँडच्या नोंदीत १९०१, आयशर मोटर्सच्या नोंदीत १९८२. दोन्ही एकाच पानावर असतील तर रकाना रिकामा ठेवून मजकुरात सांगणे मी पसंत करतो.

१२. टाकीवर ‘इंडियन’ लिहिलेली १९५० च्या दशकातली गाडी पाहिली. ती प्रत्यक्षात रॉयल एनफील्ड आहे असे सांगतात. ती कोणाच्या इतिहासात धरायची?

दोघांच्याही, पण वेगवेगळ्या रकान्यांत. अमेरिकेतील इंडियन या जुन्या ब्रँडने १९५३ मध्ये स्वतःचे उत्पादन थांबवले होते आणि त्याच्या विक्रीव्यवस्थेवर ब्रॉकहाउस या ब्रिटिश उद्योगाचे नियंत्रण होते. १९५५ ते १९५९ या काळात रेडिचमध्ये बनलेल्या रॉयल एनफील्डच्या गाड्या ‘इंडियन’ या नावाने अमेरिकेत विकल्या गेल्या. येथील ‘इंडियन’चा भारताशी काही संबंध नाही, पण योगायोगाने १९५५ मध्येच मद्रासमध्ये एनफील्ड इंडिया स्थापन झाल्यामुळे जुन्या वाहनांच्या जाहिरातींत हा घोटाळा हमखास होतो. ती गाडी कारखान्याच्या दृष्टीने रॉयल एनफील्डची आणि ब्रँडच्या दृष्टीने इंडियनची. ओळख पटवताना टाकीवरील अक्षरांवर विसंबू नये. इंजिनवरील आणि सांगाड्यावरील क्रमांक पाहून ते रेडिचच्या नोंदींशी ताडून पाहावेत.